मैत्रिणीने छळाबद्दल सांगितलं तर : ऐकणं, टिपून ठेवणं आणि तक्रारीपर्यंत सोबत करणं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात काही कंपन्यांच्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून काम करते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारी या समित्यांपुढे येतात. तक्रार माझ्या टेबलावर येते, त्याच्या कितीतरी आधी त्या बाईने ती गोष्ट कुणाला तरी सांगितलेली असते : शेजारच्या टेबलावरच्या सहकारणीला, कॉलेजातल्या जुन्या मित्राला, रोज एका बसने जाणाऱ्या मैत्रिणीला. त्या पहिल्या ऐकणाऱ्याने काय केलं, यावर पुढचं पुष्कळ ठरतं. असे ऐकणारे मला जे प्रश्न विचारतात, त्यांचीच उत्तरं इथे दिली आहेत.

मध्ये मध्ये येणारं उदाहरण अनेक प्रकरणांतले धागे घेऊन रचलेलं आहे. ते कोणा एकीचं नाही. त्यातल्या बाईला मी फक्त 'ती' म्हणते.

तिने सांगायला सुरुवात केली आहे. मी आधी काय करू?

बोलू द्या. इतकंच, पण हे दिसतं तेवढं सोपं नाही. अशी गोष्ट सरळ सुरुवातीपासून शेवटापर्यंत येत नाही. ती आधी म्हणते, "मला नोकरी बदलायचीय." मग ऑफिसातल्या कुठल्यातरी भलत्याच गोष्टीबद्दल बोलते. मग गप्प बसते. आपल्याला ती शांतता सहन होत नाही आणि आपण सल्ला देऊन ती भरून काढतो. तिथेच बोलणं तुटतं. चहा गार झाला तरी चालेल, तिला वेळ द्या.

आजूबाजूला ऑफिसमधलं कुणी असेल, तर "चल, जरा बाहेर बसू" म्हणा. फोन पालथा ठेवा. तिच्या नकळत तिचं बोलणं रेकॉर्ड करू नका. हेतू कितीही चांगला असला, तरी कळल्यावर तिचा विश्वास उडतो.

एक वाक्य मात्र लवकर म्हणा : "तू सांगितलंस ते बरं केलंस, माझा तुझ्यावर विश्वास आहे." हा काही निवाडा नव्हे. खरंखोटं ठरवायला समिती आहे. तिच्यासमोर बसून उलटतपासणी घेणं हे तुमचं काम नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मग काहीच विचारायचं नाही का?

विचारा, पण थोडं. त्या क्षणी खरोखर लागणारे प्रश्न तीनच : "आत्ता तू सुरक्षित आहेस ना?", "उद्या पुन्हा त्याच्यासमोर जावं लागणार आहे का?" आणि "तुला आत्ता माझ्याकडून काय हवंय?" तिला कधीकधी फक्त कुणाला तरी सांगायचं असतं. कधी घरापर्यंत सोबत हवी असते. कधी उद्या रजा टाकायला मदत हवी असते.

"तू ओरडली का नाहीस?", "तेव्हाच का नाही सांगितलंस?", "तो तसा वाटत नाही गं" ही वाक्यं गिळून टाका. भीतीने माणूस गोठतो, हातपाय हलत नाहीत, तोंडातून शब्द फुटत नाही. हे इतक्या जणींकडून ऐकलं आहे की ओरडली नाही म्हणजे घडलं नाही, असं मी कधीच मानत नाही. पण हाच प्रश्न पहिल्यांदा मैत्रिणीकडून आला, तर समितीसमोर तरी का जावं, असं तिला वाटतं.

आणखी एक काळजी घ्या. उत्तर आपणच तोंडात घालणारे प्रश्न टाळा. "त्याने दार बंद केलं असेल ना?" असं विचारलंत आणि धक्क्यात असलेली ती "हो" म्हणाली, की तुमचा शब्द तिच्या हकिकतीत जाऊन बसतो. त्याऐवजी "मग काय झालं?" एवढंच म्हणा. या एका दाराचं पुढे काय होतं, ते खाली सांगते.

"कुणाला सांगणार नाहीस, शप्पथ घे," असं ती म्हणाली तर?

शप्पथ घेण्याआधी थांबा. खरं सांगा : "तुला विचारल्याशिवाय कुणाला सांगणार नाही." हे वचन पाळता येतं. कधीच, कुणालाच नाही, हे वचन पाळता येईलच असं नाही.

याला अपवाद दोनच. ती अठरा वर्षांच्या आतली असेल, तर पोक्सो कायदा लागू होतो आणि त्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवणं माहिती असलेल्या प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. शिकाऊ म्हणून, दुकानात मदतनीस म्हणून सोळा-सतरा वर्षांच्या मुली काम करतात, म्हणून हे ध्यानात ठेवावं लागतं. चाइल्डलाइनचा नंबर 1098. आणि तिच्या जिवाला धोका आहे असं दिसलं, मग तो त्या माणसाकडून असो वा तिने स्वतःचं काही बरंवाईट करून घेण्याचा असो, तर 112 ला फोन करायला परवानगीची वाट पाहू नका.

बाकी सगळं तिच्या हातात राहू द्या. नवऱ्याला, बहिणीला, ऑफिसमधल्या "अगदी विश्वासातल्या" एकीलाही सांगू नका. ऑफिसातली बातमी जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या मजल्यांवर पोचते आणि त्या माणसाला सावध व्हायला वेळ मिळतो.

मी काय लिहून ठेवू आणि कधी?

आधी तिला विचारा : "आज तू जे सांगितलंस ते मी माझ्यापुरतं लिहून ठेवू का? पुढे लागलं तर कामाला येईल." बहुतेक जणी हो म्हणतात. नको म्हणाली तर नका लिहू. तिलाच स्वतःच्या वहीत लिहायला सुचवा.

हो म्हणाली, तर त्याच रात्री लिहा. दुसऱ्या दिवशी नाही, रविवारी तर नाहीच. आठवण आपल्या नकळत नीटनेटकी होत जाते. गाळलेल्या जागा भरते, क्रम लावते. छळाच्या घटना बहुधा दोघांतच घडतात, तिसरा साक्षीदार नसतो. अशा वेळी घटनेनंतर लगेच तिने कुणाला तरी सांगितलं होतं आणि तेव्हा ती हेच म्हणाली होती, ही गोष्ट तिच्या म्हणण्याला बळ देते. तुम्ही साक्षीला आलात, तर आपली आठवण ताजी करायला त्या वेळचं टिपण पाहू शकता. समितीला फौजदारी कोर्टासारखा संशयातीत पुरावा लागत नाही. दोन्ही बाजू तोलून कुठली जास्त संभवनीय वाटते, ते समिती पाहते. म्हणूनच त्या रात्रीच्या एका पानाला एवढं महत्त्व आहे.

उदाहरणातल्या मैत्रिणीचं पान असं :

"गुरुवार, 12 जून 2025, रात्री 10.40, घरी. आज संध्याकाळी साधारण सव्वासहा ते साडेसात बसथांब्याजवळच्या हॉटेलात ती मला भेटली. आम्ही दोघीच होतो. तिचे शब्द : 'परवा मंगळवारी जेवणाच्या सुट्टीनंतर स्टोअररूममध्ये फाइल काढायला गेले. ते मागून आले, दार लोटलं. कमरेवर हात ठेवला. मी फाइल खाली टाकली आणि बाहेर आले.' नेमकी वेळ सांगितली नाही. 'याआधी पण दोनदा' म्हणाली, तारखा सांगितल्या नाहीत, मी विचारल्या नाहीत. बोलताना तिचे हात थरथरत होते, चहा तसाच राहिला. मोबाइलवरचे मेसेज दाखवले. 3 जूनचा, रात्री 11.52 चा मी स्वतः वाचला : 'झोपलीस का? एकटीच असतेस ना?' बाकीचे वाचले नाहीत."

खाली सही. बस्स.

या पानात तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत, ते नीट पाहा. तिने काय सांगितलं ते अवतरणात, तिच्याच शब्दांत. लिहिणारीने स्वतः काय पाहिलं ते वेगळं : थरथरणारे हात, एक मेसेज. आणि जे कळलं नाही, ते कळलं नाही असंच लिहिलं आहे. "त्याने तिच्याशी अत्यंत घाणेरडं वर्तन केलं" असं वाक्य त्यात नाही, कारण तो निष्कर्ष आहे. दहा निष्कर्षांपेक्षा "कमरेवर हात ठेवला" हे तीन अक्षरी क्रियापदाचं साधं वाक्य जास्त काम करतं.

आता ते दार. सुनावणीत तो माणूस म्हणाला, "त्या खोलीच्या दाराला कडीच नाही, मी दार बंद केलं हे धादांत खोटं आहे." खोली पाहिली, खरंच कडी नव्हती. टिपणात "दार बंद केलं" असं असतं तर दिवसभर त्या दारावरच वाद झाला असता. पण टिपणात "लोटलं" होतं. तिच्या तक्रारीतही "लोटलं" होतं. कडी नसलेलं दार लोटताच येतं.

टिपण नंतर सुधारलं तर चालेल?

नाही. तिला आठवडाभराने आणखी काही आठवलं, तर नव्या पानावर, नव्या तारखेने लिहा. जुन्या पानावर खाडाखोड नको. वहीत पेनने लिहून त्याचा फोटो काढा आणि स्वतःच्याच खाजगी ईमेलवर पाठवा, म्हणजे केव्हा लिहिलं याची नोंद आपोआप राहते. ऑफिसचा ईमेल किंवा कॉम्प्युटर यासाठी अजिबात वापरू नका.

तिचं लिखाण आणि तुमचं टिपण शेजारी ठेवून जुळवत बसू नका. दोघींचे शब्द सारखे झाले की ते पढवल्यासारखे दिसतात. थोडाफार फरक असणं हे खऱ्या आठवणीचंच लक्षण असतं.

तिच्याकडचे मेसेज, फोटो, कॉल यांचं काय?

पहिली सूचना : काहीही डिलीट करायचं नाही. किळस येऊन मुली सगळं चॅट उडवतात, नंबर ब्लॉक करतात. ब्लॉक करायचं असेल तर जरूर करू दे, पण आधी जपून ठेवून मग. स्क्रीनशॉट घेताना वर त्याचा नंबर दिसला पाहिजे. नुसतं 'सर' म्हणून सेव्ह केलेलं नाव पुरत नाही. तारीख आणि वेळही दिसू दे. त्याच्या एका मेसेजचा नव्हे, तर आधीच्या-नंतरच्या बोलण्यासकट घ्या, तिने दिलेल्या उत्तरांसकट. तिने एखादा हसरा इमोजी पाठवला असेल, तर तो लपवायची गरज नाही. वरिष्ठाला रात्री बारा वाजता काय उत्तर द्यायचं, या पेचात माणूस तेच करतो. लपवलेलं नंतर त्याच्याकडून बाहेर आलं, तर मात्र नुकसान होतं.

मूळ फोन जपायला सांगा. कोर्टात स्क्रीनशॉटपेक्षा मूळ उपकरणाला महत्त्व असतं. फोन विकायचा, रीसेट करायचा विचार असेल तर थांबवा. आपोआप नाहीसे होणारे मेसेज असतील, तर दुसऱ्या फोनने त्या पडद्याचा फोटो काढा. अश्लील चित्र आलं असेल, तर ते तुमच्याकडे फॉरवर्ड करून घेऊ नका. तिच्याच फोनमध्ये राहू दे.

ऑफिसचा ईमेल आणि ऑफिसचं चॅट ही सगळ्यात नाजूक जागा. तिने राजीनामा दिला की त्याच संध्याकाळी तिचा प्रवेश बंद होतो. म्हणून राजीनाम्याआधी छळासंबंधीचे मेसेज जपून घ्यायचे. फक्त तेवढेच. कंपनीच्या बाकी फायली घेतल्या तर उलट तिच्यावरच बोट दाखवलं जातं. सीसीटीव्हीचं चित्रण ठरावीक दिवसांनी पुसून त्यावर नवं भरलं जातं. ते तिच्या हातात नसतं, म्हणून तक्रारीतच "अमुक तारखेचं, अमुक जागेचं चित्रण राखून ठेवावं" अशी मागणी लिहायची.

तक्रार करायची कुठे?

कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी. अध्यक्ष तिथली वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नसलेल्या महिला सदस्य आणि माझ्यासारखी एक बाहेरची सदस्य. समितीची माहिती ऑफिसात ठळक लावायची असते, पण अनेकदा ती कपाटामागे सापडते. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार थेट मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. ती कुठे आहे, ते जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारता येतं. घरकाम करणाऱ्या बायकांसाठीही हीच वाट आहे. केंद्र सरकारच्या SHe-Box पोर्टलवरूनही तक्रार संबंधित समितीकडे जाते.

पोलिसांचा रस्ता वेगळा आणि तोही खुला आहे. समितीकडे गेलं म्हणून पोलिसांकडे जाता येत नाही, असं कुठेही नाही. उलट तिला पोलिसांत जायचं असेल, तर मालकाने मदत करावी असं कायदा सांगतो. भारतीय न्याय संहितेचं कलम 75 लैंगिक छळाबद्दल आहे, 78 पाठलागाबद्दल. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्द आपली नाही म्हणून परत पाठवता येत नाही. अशा गुन्ह्यांत महिला अधिकाऱ्यानेच जबाब नोंदवायचा असतो आणि एफआयआरची प्रत तिला फुकट मिळते.

किती दिवसांत?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात, आणि घात इथेच होतो. समितीकडे लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. घटना अनेक असतील तर शेवटच्या घटनेपासून. तिला खरंच अडचण होती, असं समितीला पटलं, तर कारणं लिहून ती आणखी जास्तीत जास्त तीन महिने देऊ शकते. ते तिच्या हक्काचे नाहीत, समितीला पटलं तरच मिळतात.

आपल्या उदाहरणात शेवटची घटना 10 जूनची, म्हणजे 10 सप्टेंबरच्या आत तक्रार गेली पाहिजे. फार झालं तर 10 डिसेंबर, तेही कारण पटलं तर. कोलकात्याच्या एका विद्यापीठातल्या प्रकरणात छळाची शेवटची घटना एप्रिल 2023 मधली धरली गेली आणि तक्रार झाली डिसेंबर 2023 मध्ये. स्थानिक समितीने मुदत संपली म्हणून ती नाकारली आणि सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती मुदतीबाहेरचीच ठरवली. नंतर झालेल्या प्रशासकीय गोष्टींना न्यायालयाने त्या छळाचा पुढचा भाग मानलं नाही.

म्हणून तिच्यावर घाई न करता तुम्ही एक करू शकता. वहीच्या वेगळ्या पानावर शेवटच्या घटनेची तारीख लिहून तिला गोल करून ठेवा, शेजारी तीन महिन्यांची तारीख लिहा, आणि तिला एकदा, शांतपणे सांगा : "तुला करायचं की नाही ते तू ठरव, पण ही तारीख आहे."

ती तयारच होत नाही. कसं समजावू?

समजावण्याआधी तिला नेमकी कशाची भीती वाटते, ते ऐका. "तक्रार कर, तक्रार कर" असा धोशा लावला तर ती पुन्हा तुमच्याशी बोलणार नाही. बहुतेक भीती चार-पाचच असतात, आणि प्रत्येकीला खरं उत्तर देता येतं.

"त्याच माणसाच्या हाताखाली बसायचंय मला." चौकशी चालू असताना तिची किंवा त्याची बदली, तिला नेहमीच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंत रजा, आणि तिचं मूल्यमापन त्याच्या हातून काढून दुसऱ्याकडे देणं, हे सगळं समिती सुचवू शकते. मात्र त्यासाठी तिने लेखी मागणी करावी लागते. हे कुणी सांगत नाही आणि म्हणून कुणी मागत नाही. उदाहरणातल्या तिने मागितलं आणि जुलैचा अप्रेजलचा कागद दुसऱ्या साहेबांकडे गेला.

"सिद्ध नाही झालं तर माझ्यावरच उलटेल." पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, असं कायद्याच्या कलम 14 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. कारवाई होते ती जाणूनबुजून खोटी तक्रार केल्याचं वेगळ्या चौकशीत सिद्ध झालं तरच. ही भीती मला सगळ्यात जास्त बोचते, कारण काही ऑफिसांत पोस्टरवर कायद्याच्या बाकी मजकुरापेक्षा "खोट्या तक्रारीवर कारवाई होईल" हेच मोठ्या अक्षरात छापलेलं असतं.

"घरी कळलं तर नोकरीच सोडायला लावतील." तिची ओळख, तक्रारीतला मजकूर आणि चौकशी यांतलं काहीही जाहीर करायला कायद्याने मनाई आहे. समिती घरी पत्र पाठवत नाही. तक्रारीत तिने स्वतःचा खाजगी ईमेल द्यावा आणि पत्रव्यवहार तिथेच करा, असं लिहावं.

"मला त्याची नोकरी घालवायची नाही, फक्त हे थांबायला हवं." असं म्हणणाऱ्या पुष्कळ आहेत. तिने स्वतःहून मागितलं, तर चौकशीआधी समेट करता येतो, लेखी अटींसह. पैसे देऊन केलेला समेट कायद्याला चालत नाही. पण समेट तिने मागायचा आहे. "मिटवून टाक ना" असं एचआर, साहेब किंवा तुम्ही म्हणायचं नाही.

एक गोष्ट तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो दिवस तिला फसवल्यासारखा वाटतो : तक्रारीची प्रत त्या माणसाला जाते, सात कामाच्या दिवसांत. त्याला दहा कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं आणि त्याचंही पूर्ण ऐकलं जातं. हे तिच्याच हिताचं आहे. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात 2009 मधल्या तक्रारींची चौकशी घाईने उरकली गेली होती. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरची कारवाई रद्द केली आणि चौकशी पुन्हा त्या टप्प्यापासून करायला सांगितली. चौदा वर्षांनी. घाईच्या चौकशीची किंमत तक्रार करणाऱ्या बायकाही मोजतात.

मी तिच्या वतीने तक्रार देऊ शकतो किंवा देऊ शकते का?

तिला शारीरिक किंवा इतर कारणाने स्वतः देणं शक्य नसेल आणि तिची लेखी संमती असेल, तर घटनेची माहिती असलेली व्यक्ती देऊ शकते. पण ती देऊ शकत असेल तर तिनेच द्यावी. लिहिता येत नसेल किंवा सुचत नसेल, तर लिहायला मदत करणं हे समितीचं कर्तव्य आहे, उपकार नव्हे.

तुम्ही दुसऱ्या मार्गांनी खूप हलकं करू शकता. तक्रारीच्या सहा प्रती लागतात, त्यांच्या झेरॉक्स काढा. साक्षीदारांची नावं-पत्ते द्यावे लागतात, त्यात तुमचं नाव घालायला सांगा. प्रत देताना पोच घ्यायला लावा. शिक्का, सही आणि तारीख नसेल, तर महिन्याभराने "आम्हाला काही मिळालंच नाही" हे ऐकावं लागतं. ईमेलने पाठवली असेल, तर तो ईमेल जपा. वकिलाचा सल्ला हवा असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना उत्पन्न न पाहता मोफत मदत मिळते, फोन 15100. सल्ल्यासाठी 181 ही महिलांची हेल्पलाइनही आहे. समितीसमोर वकील उभा करता येत नाही, दोन्ही बाजूंना.

मला साक्षीला बोलावलं तर काय विचारतात?

"तुम्हाला ती कधी भेटली, काय म्हणाली, तुम्ही स्वतः काय पाहिलं?" इतकंच. त्यानंतर त्या माणसाच्या बाजूने प्रश्न येतात, बहुधा लेखी, समितीमार्फत. "ती तुमची जवळची मैत्रीण आहे ना?" हा ठरलेला प्रश्न. हो म्हणा. जवळची आहे म्हणूनच तिने तुम्हाला सांगितलं. जे माहीत नाही त्याला "माहीत नाही" म्हणा. तुम्ही स्टोअररूममध्ये नव्हता, म्हणून तिथलं काही पाहिल्याचं सांगू नका. मदत करायच्या भरात साक्षीदाराने एक वाक्य वाढवून सांगितलं आणि बाकीची खरी वाक्यंही संशयात आली, असं मी पाहिलं आहे.

तो माणूस माझाही मित्र आहे. त्याच्याशी एकदा बोलू का?

नको. तुम्ही "जरा समजावून" बोलता आणि तो त्या रात्री मेसेज पुसतो, ऑफिसात दोघांना फोन करून आपली बाजू आधीच पेरतो, तिच्यावर दबाव आणतो. त्याला दम देणंही तितकंच नुकसानीचं आहे. उद्या सुनावणीत "मला धमकावलं" असं तोच म्हणेल. नेहमीसारखं वागा. जमत नसेल तर दूर राहा.

ती शेवटपर्यंत नाहीच म्हणाली तर?

तर नाही. मुदत निघून गेल्यावरही "तेव्हा केली असतीस तर" असं कधीच म्हणू नका. टिपण मात्र जपा. पोलिसांकडे जाण्याची मुदत वेगळी, बरीच लांबही असते, आणि त्याच माणसाविरुद्ध उद्या दुसरी कुणी तक्रार केली, तर तुमच्या मैत्रिणीलाही पुढे यावंसं वाटू शकतं. त्रास वाढत असेल, झोप उडाली असेल, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर तिला द्या. दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. तुम्हालाही ऐकून ऐकून जड झालं असेल तर तोच नंबर तुमच्यासाठीही आहे, तिचं नाव न घेता.

मित्राने, म्हणजे पुरुषाने, सांगितलं तर?

ऐकणं, टिपणं आणि मेसेज जपणं अगदी असंच. पण 2013 चा कायदा महिलांपुरता आहे. त्याच्या कंपनीच्या धोरणात सगळ्या कर्मचाऱ्यांना संरक्षण आहे का, ते पाहा. अनेक कंपन्यांत असतं. तो विद्यार्थी असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या नियमांत मुलग्यांच्या आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांच्या तक्रारीही येतात.

ते टिपण किती दिवस ठेवायचं?

वाटतं त्यापेक्षा जास्त. चौकशीला नव्वद दिवस, मग दहा दिवसांत अहवाल, त्यानंतर साठ दिवसांत मालकाने कारवाई करायची आणि निर्णय मान्य नसेल तर अपिलाला नव्वद दिवस. कागदावरच हे आठ महिने होतात, प्रत्यक्षात जास्त. उदाहरणातल्या मैत्रिणीची ती वही अजून तिच्या कपाटात साड्यांखाली आहे. ज्या पानावर 10 जूनला गोल आहे, त्याच्या मागच्या पानावर किराण्याची यादी आहे. ती तशीच राहू दे, पान फाडू नको, असं मी तिला सांगितलं आहे.